तीन वर्षे हप्ता आला नाही म्हणून पीएफ खाते बंद पडत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "नोकरी बदलताना पीएफ काढू नका, वर्ग करा, हा आपला सल्ला मोठ्या पगारवाल्यांसाठी ठीक आहे. आमच्या निपाणी-कागल भागात दर तीन-चार वर्षांनी कारखाना बदलावा लागतो. तीन वर्षे हप्ता आला नाही की खाते बंद पडते आणि व्याज थांबते, हे लिहायचे आपण टाळले. माझ्या धाकट्या भावाने कागलची रक्कम बेळगावच्या खात्यात वर्ग केली, तर पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते आहे. ते पैसे कुठे गेले? सल्ला देणे सोपे असते."

आदरणीय वाचक,

आपल्या प्रतिक्रियेतील पहिला मुद्दा एका जुन्या नियमावर उभा आहे. तो नियम कपोलकल्पित नव्हता, म्हणूनच तो अजून बेळगावच्या उद्यमबागमधल्या चहाच्या टपऱ्यांवर सांगितला जातो. 1 एप्रिल 2011 पासून असे ठरले होते की, ज्या खात्यात सलग 36 महिने वर्गणी जमा झालेली नाही, त्या खात्याला व्याज द्यायचे नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये मात्र भविष्यनिर्वाह निधी योजनेतील हा परिच्छेद बदलण्यात आला. आता 'निष्क्रिय' हा शिक्का तीनच प्रसंगी बसतो : सभासद वयाच्या 55 वर्षांनंतर निवृत्त झाला, कायमचा परदेशी गेला किंवा मरण पावला, आणि त्यानंतर 36 महिन्यांत रकमेसाठी कोणीही अर्ज केला नाही. तिशी-चाळिशीतला कामगार कागलची नोकरी सोडून बेळगावला आला आणि जुने खाते तसेच राहिले, तर त्याला हा नियम लागू होत नाही. वर्गणी थांबली तरी व्याज वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत जमा होत राहते. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांसाठी हा दर 8.25 टक्के होता.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग वर्ग करण्याची तरी घाई कशाला, पैसा आपोआप वाढतोच आहे. खरे नुकसान व्याजाचे नसून सेवेच्या वर्षांचे आहे. आपल्या भावासारखेच एक उदाहरण घेऊन ते सांगतो, कारण आकड्यांशिवाय ते पटत नाही.

समजा, एका तरुणाने जुलै 2015 ते ऑक्टोबर 2019 अशी 52 महिने कागलच्या औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये नोकरी केली आणि मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून त्याला 12,000 रुपये मिळत होते. दरमहा त्याच्या पगारातून 12 टक्के, म्हणजे 1,440 रुपये कापले गेले. मालकानेही तेवढेच भरले. परंतु मालकाच्या वाट्यातील 8.33 टक्के, म्हणजे सुमारे 1,000 रुपये, पेन्शन योजनेकडे जातात आणि उरलेले 440 रुपयेच पीएफमध्ये पडतात. म्हणजे पीएफ खात्यात महिन्याला 1,880 रुपये आले. 52 महिन्यांचे हे 97,760 रुपये होतात आणि त्या वर्षांचे व्याज धरून नोकरी सोडताना खात्यात साधारण एक लाख सतरा हजार असतील. जानेवारी 2020 मध्ये तो बेळगावच्या एका फाउंड्रीत रुजू झाला.

त्याने त्या वेळी नवी नोकरी लागण्याआधी ही रक्कम काढली असती, तर काय झाले असते? सेवा पाच वर्षांपेक्षा कमी असल्याने रक्कम करपात्र ठरली असती. 50,000 रुपयांच्या वर असल्यामुळे पॅन जोडलेले असतानाही 10 टक्के, म्हणजे साडेअकरा-पावणेबारा हजारांच्या आसपास, उगमापाशीच कापले गेले असते. ज्याचे एकूण उत्पन्न करपात्र नाही, त्याला ते विवरणपत्र भरून परत मिळते, पण आपल्या भागातले किती कामगार त्यासाठी विवरणपत्र भरतात, हे आपणही जाणता. रक्कम वर्ग केली असती, तर कागलची वर्षे बेळगावच्या वर्षांना जोडली गेली असती आणि पाच वर्षांची अट दोन्ही मिळून मोजली गेली असती. काहीही न करता रक्कम पडू दिली असती, तर मार्च 2025 पर्यंत ती सुमारे एक लाख ऐंशी हजार झाली असती. मात्र नोकरी सोडल्यानंतर पडून राहिलेल्या रकमेवरचे व्याज करातून सुटत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता पेन्शनच्या शून्याकडे वळतो, कारण आपल्या प्रतिक्रियेतील सर्वांत रास्त प्रश्न तोच आहे आणि कार्यालयाच्या खिडकीवर त्याचे धड उत्तर क्वचितच मिळते. पीएफ हा प्रत्येक सभासदाच्या नावावरचा वेगळा पैसा आहे, म्हणून तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. पेन्शन योजनेचा पैसा तसा नाही. सर्वांचे 8.33 टक्के एका सामाईक निधीत जमा होतात, त्यावर व्यक्तिगत व्याज लागत नाही, आणि पेन्शन किती मिळणार हे तिथे किती रुपये साठले यावर ठरत नाही, तर किती वर्षे सेवा झाली आणि अखेरचे सरासरी वेतन किती यावर ठरते. त्यामुळे वर्ग करताना पेन्शनचे रुपये हलतच नाहीत. हलते ती सेवेची नोंद. नव्या पासबुकात कागलचा पीएफ दिसतो आणि पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते, ते याच कारणाने. कोणी काही खाल्लेले नाही. पासबुकाची मांडणी मात्र अशी आहे की शहाण्या माणसालाही धसका बसावा, आणि त्या रकान्याखाली एक ओळ खुलासा छापला असता तर कितीतरी जणांची झोप वाचली असती.

सेवेची नोंद खरोखर आली की नाही, हे पाहण्याची जागा पासबुक नव्हे. रक्कम वर्ग झाल्यावर जुने कार्यालय 'अॅनेक्शर के' नावाचा कागद नव्या कार्यालयाला पाठवते. त्यात वर्ग झालेल्या रकमेबरोबर सेवेचा तपशील असतो, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो सभासदाला संकेतस्थळावरून उतरवून घेण्याची सोय जाहीर झाली. भावाने तो कागद काढून कागलच्या रुजू होण्याची व सोडण्याची तारीख त्यात बरोबर आहे का, एवढे पाहावे.

ही नोंद इतकी मोलाची का, ते आपल्या उदाहरणात दिसते. कागलचे 52 महिने आणि बेळगावचे ऑगस्ट 2025 अखेरचे 68 महिने मिळून 120 महिने होतात. दहा वर्षे झाली की मासिक पेन्शनचा हक्क मिळतो. सूत्र सोपे आहे : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले 70. वेतनाची मर्यादा 15,000 धरली, तर दहा वर्षांच्या सेवेवर महिना सुमारे 2,142 रुपये येतात, आणि पुढची प्रत्येक वर्षाची सेवा त्यात 214 रुपयांची भर घालते. कागलची वर्षे जोडली नसती, तर हाच माणूस अजून साडेपाच वर्षांच्या थोडाच पुढे असता. त्याने नोकरी सोडताना पेन्शनचा वाटाही काढून घेतला असता, तर कोष्टकाप्रमाणे चार वर्षांच्या सेवेला वेतनाच्या सुमारे चौपट, म्हणजे अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास हाती आले असते आणि ती चार वर्षे कायमची पुसली गेली असती.

याची दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर पेन्शनचा वाटा रोख काढता येत नाही. 58 व्या वर्षी पेन्शनच घ्यावी लागते, किंवा 50 नंतर दर वर्षामागे चार टक्के घट सोसून ती लवकर सुरू करता येते. दोन-अडीच हजारांची पेन्शन ही काही मोठी रक्कम नव्हे. ज्याच्या घरी आजारपण किंवा कर्ज आहे, त्याने रोख रकमेची निवड केली तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु नवी पीएफ-पात्र नोकरी लागलेली असताना 'बेरोजगार' म्हणून अंतिम दावा करता येत नाही, हे लक्षात असू द्यावे. आजवर पूर्ण रक्कम काढण्यासाठी दोन महिन्यांची बेकारी पुरेशी होती. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने हा कालावधी बारा महिने, आणि पेन्शनच्या वाट्यासाठी छत्तीस महिने करण्याचा निर्णय घेतला आहे. 75 टक्क्यांपर्यंतची रक्कम मात्र आधी काढता येईल, असाच तो निर्णय आहे. म्हणजे काढण्याचा पर्याय पूर्वीइतका सहज राहिलेला नाही.

सीमाभागाची एक खास अडचण आपल्या प्रतिक्रियेत नाही, पण अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक तिच्यामुळे, म्हणून लिहितो. पीएफ हा केंद्राचा विषय आहे, त्यामुळे कागलचे खाते महाराष्ट्रात आणि बेळगावचे कर्नाटकात असल्याने काही अडत नाही. अडते ते नावात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही भाग लिहिलेले असतात, आणि इकडच्या आधारपत्रात वडिलांच्या नावाचे एकच आद्याक्षर असते, किंवा मारुतीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये टी पुढे एच आलेला असतो. संगणक ही दोन वेगळी माणसे समजतो. ज्यांचा यूएएन, म्हणजे सर्व नोकऱ्यांसाठी एकच असलेला पीएफचा क्रमांक, 1 ऑक्टोबर 2017 नंतर मिळालेला असून आधारशी पडताळलेला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख यांसारखे तपशील जानेवारी 2025 पासून कागदपत्रांशिवाय स्वतः दुरुस्त करता येतात. जुन्या क्रमांकासाठी मालकाची मान्यता लागते.

दुसरी आडकाठी नोकरी सोडल्याच्या तारखेची. जुन्या मालकाने ती भरलेली नसेल, तर वर्ग करण्याचा अर्ज पुढे सरकत नाही. `unifiedportal-mem.epfindia.gov.in` वर लॉगिन करून `View` मधील `Service History` पाहावे. तारीख रिकामी असेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर `Manage` मधील `Mark Exit` येथे ती सभासदाला स्वतः भरता येते. ती शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे, त्याच महिन्यातली असावी लागते, आणि एकदा भरली की सहज बदलत नाही, म्हणून हाजिरी किंवा पगारचिठ्ठी समोर ठेवूनच भरावी. त्यानंतर `Online Services` मध्ये `One Member - One EPF Account (Transfer Request)` निवडून आधारच्या मोबाईलवर येणारा ओटीपी द्यायचा असतो.

भावाच्या बाबतीत हे सर्व झालेले दिसते, कारण रक्कम आली आहे. आता त्यांना फक्त अॅनेक्शर के पाहायचे आहे. त्यात कागलची सेवा नसेल किंवा तारखा चुकल्या असतील, तर तो कागद जोडून पीएफच्या तक्रार संकेतस्थळावर, `epfigms.gov.in` येथे, तक्रार नोंदवावी आणि तक्रारीत पेन्शनच्या रुपयांची नव्हे, तर पेन्शनपात्र सेवेच्या नोंदीची मागणी करावी. 'माझे पेन्शनचे पैसे आले नाहीत' असे लिहिले, तर 'ते वर्ग होत नसतात' एवढे उत्तर देऊन तक्रार बंद केली जाण्याची शक्यता मोठी आहे.