मी प्रद्न्या नाही

मी आणि मी एकच बाई आहोत, हे परवा मला नोटरीसमोर शपथेवर सांगावं लागलं. घराच्या कागदांवर ‘प्रज्ञा’, कार्यालयाच्या संगणकात ‘प्रद्न्या’. खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता निकाल दिला, “या दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. प्रतिज्ञापत्र आणा.”

मी म्हटलं, “साहेब, तुम्ही दोन्ही नावं मोठ्यानं वाचून बघा.” त्यांनी वाचली. दोन्ही अगदी एकसारखी वाचली. मग म्हणाले, “वाचायला एकच आहेत हो, पण सिस्टिममध्ये वेगळी आहेत.”

हे घडलं कसं असेल, ते ओळखायला गुप्तहेर लागत नाही. माझा जुना अर्ज इंग्रजीत होता आणि त्यावर Pradnya होतं. ज्ञ म्हणजे खरं तर ज् आणि ञ, पण मराठी तोंडातून तो ‘द्न्य’ असा बाहेर पडतो, म्हणून आपण इंग्रजीत डी-एन-वाय लिहितो. हिंदीत तोच ज्ञ ‘ग्य’ होतो, म्हणून त्यांची Pragya. गुजरातीत ‘ग्न’ होतो. उच्चार तीन, अक्षर मात्र तिघांचं एकच. आता कुणीतरी तो इंग्रजी अर्ज यंत्रात घालून मराठी केला. यंत्रानं डीचा द, एनचा न आणि वायचा य लावला आणि प्रद्न्या नावाची बाई जन्माला घातली. मराठीतून इंग्रजीत गेले तेव्हा मी प्रज्ञा होते, परत आले ती ही होऊन.

संगणकाला कान नसतात, हे खरं दुखणं. त्याच्या लेखी ज्ञ म्हणजे ज, हलन्त, ञ अशी तीन चिन्हं आणि द्न्य म्हणजे द, हलन्त, न, हलन्त, य अशी पाच. ज्ञ घालून शोधलं तर द्न्य सापडत नाही, आणि द्न्य घातलं तर ज्ञ. आपल्या नावाचा शोध घेताना ‘नोंद आढळली नाही’ असं आलं, तर घाबरण्याआधी एकदा द्न्य घालून बघावं. मी तशीच सापडले.

तर प्रतिज्ञापत्र. कचेरीबाहेर छत्रीखाली लॅपटॉप घेऊन एक काका बसतात. दाखले, अर्ज, भाडेकरार, सगळं लिहून देतात. त्यांच्या बोटांचा वेग बघून मला जरा आशा वाटली होती.

“बोला मॅडम, नाव काय?”

“प्रज्ञा.”

त्यांनी ‘प्रद्न्या’ काढलं.

“काका, ज्ञ हवाय. ज्ञानेश्वरांचा ज्ञ.”

“तोच काढलाय की.”

“हा द, न आणि य आहे.”

काकांनी बोटं उचलली आणि माझ्याकडे नीट वळून बसले. “मला सांगा, तुम्ही तोंडानं काय म्हणता? द्न्यानेश्वर म्हणता की ज्यानेश्वर म्हणता?”

“द्न्यानेश्वरच म्हणते. पण लिहिताना...”

“मग झालं तर. मराठी म्हणजे बोलावं तसं लिहावं. इंग्रजीसारखं नाही, लिहायचं एक आणि बोलायचं भलतंच.”

रांगेतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. काकांना चेव आला. “आणि तो ज्ञ हिंदीतला आहे मॅडम. ते लोक त्याला ग्य म्हणतात. आपला द्न्य. महाराष्ट्रात राहून आपणच द्न्य लिहायचा नाही, तर लिहिणार कोण?”

म्हणजे माझं नाव बरोबर लिहायला सांगून मी महाराष्ट्रद्रोह करत होते. मी शांतपणे सांगायला गेले, “काका, जाणणे, जाणकार यांतला ज आणि ज्ञानातला ज एकच. मूळ धातू ज्ञा, म्हणजे जाणणं. तुम्ही द घातलात तर जाणकाराचं आणि ज्ञानाचं नातंच तुटतं.”

काका म्हणाले, “जाणकाराला द्न्यान कशाला लागतं?”

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

त्यांनी छापून हातात दिलेल्या कागदावर मथळा होता ‘प्रतिद्न्यापत्र’. खाली मजकूर: ‘मी प्रतिद्न्येवर कथन करते की, प्रद्न्या आणि प्रद्न्या ही एकाच व्यक्तीची नावे आहेत.’

“काका, दोन्हीकडे एकच लिहिलंय तुम्ही.”

“मग बरोबरच आहे ना? तेच तर शाबीत करायचंय.”

शेवटी मी त्यांचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. उच्चाराप्रमाणे उमटणारा कळफलक बदलून इन्स्क्रिप्ट लावला आणि शिफ्ट धरून पाचाचं बटण दाबलं. ज्ञ एका झटक्यात उमटला. काका पडद्यावर वाकले. “हे टक्क्याचं बटण ना? त्यात हा कशाला ठेवलाय?” मग त्यांनी ते बटण कौतुकानं बरंच दाबून पाहिलं आणि माझ्या प्रतिज्ञापत्रात ज्ञची एक ओळ उमटली. ती मी खोडली. ‘लिहिणार कोण’वाला बाणेदारपणा तेवढ्यात कुठे गेला, ते विचारायचं राहून गेलं.

नोटरी जेवायला गेले होते. वाट बघत बसल्यावर समोर पाटी दिसली, ‘त्वचारोग तज्ञ’. मनःस्थिती अशी होती की पाटी खाजवायला लागली. तत् म्हणजे ते, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. तत् अधिक ज्ञ. पुढे ज आला की त्‌चाही ज् होतो, म्हणून तज्ज्ञ. सत् आणि जन मिळून सज्जन होतो तसाच. सज्जनातला ज कुणी गाळत नाही, कारण गाळला तर सजन होतो आणि घरी उत्तरं द्यावी लागतात. तज्ज्ञाचा ज गाळला तर कुणी विचारत नाही, म्हणून गावभर तज्ञ. दुसऱ्या टोकाला ‘प्रज्ञ्या’ आणि ‘आज्ञ्या’ लिहिणारे. उच्चारातला य ज्ञमध्येच आलेला असतो, तरी यांना वरून आणखी एक लागतो. आणि ‘आम्ही आपले कृतघ्न आहोत’ असं आभाराच्या फलकावर छापणारे तर थोर. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा, कृतघ्न म्हणजे केलेल्याचा घात करणारा. तिथे मात्र मला दरवेळी वाटतं, चुकून खरं छापलं गेलं असावं.

मी हसतेय, पण चीड गेलेली नाही. 2009 मध्ये राज्य शासनानं निर्णय काढून मराठी वर्णमाला प्रमाणित केली, आणि क्ष आणि ज्ञ हे दोघं तिच्यात आहेत. शासनाच्या वर्णमालेत असलेलं अक्षर कार्यालयाच्या संगणकात नाही म्हणून सकाळ घालवायची मी, फी भरायची मी, आणि आपण एक आहोत अशी शपथ घ्यायचीही मीच. यंत्रानं केलेलं मराठी एखाद्या माणसानं एकदा वाचून बघितलं असतं, तर एवढं कशाला झालं असतं? इंग्रजीत एक अक्षर चुकलं की ‘स्पेलिंग मिस्टेक’ म्हणून जीभ चावणारे आपण, मराठीत मात्र ‘समजतंय ना?’ म्हणून मोकळे.

साहेबांनी प्रतिज्ञापत्र उलटंसुलटं पाहिलं, शिक्का मोजून घेतल्यासारखा बघितला आणि नोंद दुरुस्त केली. जुनं नाव काढता येत नाही म्हणे, नवं फक्त जोडता येतं. आता कार्यालयाच्या दफ्तरी मी ‘प्रद्न्या ऊर्फ प्रज्ञा’ आहे. ऊर्फ असलेली माणसं मी आजवर फक्त गुन्हेवृत्तात वाचली होती. ऊर्फ काढायला काय करावं लागेल, ते विचारलं.

“वेगळं प्रतिज्ञापत्र,” साहेब म्हणाले. “बाहेर ते काका बसतात ना, ते करून देतील.”