फोटोतला हिरवा खडा: पाचू की काच?

*“तीन फोटो पाठवले, तरी उत्तर तेच, ‘फोटोवरून नक्की सांगता येणार नाही.’ सासूबाईंच्या बोटात चाळीस वर्षं असलेली अंगठी आहे, पाचू म्हणूनच घेतलेली. खड्याच्या आत रेषा दिसतात, म्हणजे खराच ना? आमच्या गावचे सराफ नुसतं बघून सांगतात. तुम्हाला सांगायचंच नसेल तर तसं स्पष्ट लिहा.”*

ताई, नमस्कार. तुमचा राग मी समजू शकतो. घरातल्या माणसाची वस्तू आहे आणि एका शब्दात उत्तर हवं आहे. तो एक शब्द मी का देत नाही आणि तुमच्या तीन फोटोंतून तरीही काय हाती लागतं, हे दोन्ही आज नीट लिहितो.

आधी सराफांचं. ते नुसतं बघत नाहीत. अंगठी बोटांत फिरवतात, दिव्याखाली तिरकी धरतात, दहापट भिंग डोळ्याला लावतात आणि खड्याच्या वरच्या पैलूपासून तळापर्यंत नजर खोल नेत जातात. कुठला कोन हवा ते प्रत्येक क्षणी त्यांचा हात ठरवतो. फोटोत कोन एकच असतो, तोही दुसऱ्याने निवडलेला, आणि जवळून काढलेल्या फोटोत जेमतेम एक पातळ थर स्पष्ट येतो. तुमचा पहिला फोटो बघा. तो १६०० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात सगळा तळहात आला आहे, म्हणजे साधारण ८० मिलिमीटर. एका मिलिमीटरला २० पिक्सेल मिळाले. काचेतला ठळक बुडबुडासुद्धा बरेचदा ०.१ मिलिमीटरचाच असतो. तो तुमच्या फोटोत असलाच तर दोन पिक्सेलांचा असेल आणि फोनने फोटो गुळगुळीत करताना तेही पुसले असतील. भिंगाखाली जो बुडबुडा सरळ डोळ्यांत भरतो तो इथे नोंदलाच गेलेला नाही. मी कितीही मोठा करून पाहिला तरी नसलेली गोष्ट दिसणार नाही.

पण समजा फोटो उत्तम असता. पाचूच्या बाबतीत तरीही अडचण राहतेच, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतो त्याचं माप, २.४२ आहे, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे १७ टक्के परत फिरतो. साध्या काचेवरून ४ टक्क्यांच्या आसपास फिरतो. हा फरक डोळ्याला कळतो. पाचूचा अपवर्तनांक मात्र १.५८ च्या जवळपास, म्हणजे परत फिरणारा प्रकाश सुमारे ५ टक्के. चार आणि पाच यांतला फरक कॅमेरा उजेड कमीजास्त करतानाच गिळून टाकतो. शिवाय घटक बदलून काच १.५८ चीही बनवता येते, मग तोही फरक उरत नाही. ‘खऱ्या खड्याची चमक वेगळी’ हे हिऱ्याला लागू पडतं, पाचूला नाही.

रंगाचीही तीच गत. पाचूला हिरवा रंग क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे येतो आणि काचेलाही क्रोमियमने तसाच हिरवा रंग देता येतो. प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणाऱ्या वर्णपटमापकातून पाहिलं तर पाचूतून आलेल्या प्रकाशाच्या लाल पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. फोनचा कॅमेरा मात्र सगळा प्रकाश लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत बसवतो, त्यात त्या रेषा विरून जातात. शिवाय खोलीतला बल्ब पिवळसर की पांढरा यावर फोन स्वतःच रंग हलवतो. तुमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोत हाच खडा दोन वेगळ्या हिरव्या छटांचा दिसतो आहे, तो यामुळेच.

आता आतल्या रेषांकडे येतो, कारण तुमचा सगळा भरवसा त्यांच्यावर आहे. खाणीतल्या पाचूत भेगा, धुकट पट्टे, बारीक पोकळ्या असतातच, आणि अगदी स्वच्छ पाचू दुर्मीळ असतो, हे खरं. पण म्हणून आत काही दिसलं की पाचू, असं होत नाही. तापवून एकदम गार केलेल्या काचेत भेगा पाडता येतात. भेगा पाडून हिरवा रंग भरलेला स्फटिक तर पाचू म्हणून सर्रास विकला जातो. तुमच्या खड्याची तऱ्हा आणखी वेगळी आहे. तो लांबट चौकोनी, कोपरे कापलेला, पायऱ्यापायऱ्यांच्या पैलूंचा आहे. दुसऱ्या फोटोतल्या रेषा खड्याच्या कडांना समांतर धावतात आणि एकमेकींपासून सारख्या अंतरावर आहेत. भेग इतकी शिस्तीत जात नाही. त्या खालच्या बाजूच्या पैलूंच्या कडा आहेत, वरून आरपार दिसणाऱ्या. अशा रेषा पाचूत दिसतील, काचेत दिसतील, हिरव्या बाटलीच्या तुकड्याला तसे पैलू पाडले तर त्यातही दिसतील.

आतलं कसं वाचायचं, याचं इटलीतलं एक जुनं उदाहरण आहे. जिनोआच्या सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये ‘साक्रो कातिनो’ नावाचं हिरवं षट्कोनी पात्र आहे. शतकानुशतकं ते एका अखंड पाचूतून कोरलेलं मानलं जाई. अठराव्या शतकात ला कोंदामीन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते दिव्यासमोर धरून पाहिलं. पाचूत हमखास सापडणारं धुकं त्याला दिसेना, उलट वितळलेल्या काचेत राहतात तसे बुडबुडे दिसले. पुढे नेपोलियनच्या काळात ते पॅरिसला गेलं, १८१६ मध्ये परत आलं ते फुटलेलं. ते काचेचंच आहे. ‘आत काहीतरी आहे’ एवढ्यावर ला कोंदामीन थांबला नाही, आत नेमकं काय आहे ते त्याने पाहिलं, म्हणून त्याला शंका आली.

म्हणून फोटोतून काही ठामपणे म्हणायचं असेल तर मी आधी बुडबुडे शोधतो. खड्याच्या अंगभर विखुरलेले, गोल किंवा लांबट, काठाला गडद आणि मध्ये उजळ असे ठिपके. त्यांच्या जोडीला साखरेच्या पाकात रंग ढवळल्यासारखे वळसे दिसले, तर काच म्हणायला मी कचरत नाही. मात्र ठिपका आत आहे की वर बसलेली धूळ आहे, हे एका फोटोत कळत नाही. खडा किंचित कलवून दुसरा फोटो काढला की वरची धूळ पैलूच्या कडेला धरून राहते आणि आतला ठिपका कडेच्या मानाने सरकतो. आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. खऱ्या पाचूच्या भेगांत तेल किंवा राळ भरण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्या भरावात हवा अडकते. ते बुडबुडे भेगेच्या पातळीतच चपटे पसरलेले असतात, अंगभर विखुरलेले नसतात.

तुमच्या फोटोंतून मला जे खरोखर मिळालं ते मात्र पैलूंच्या कडांवर आहे. काचेची कठिणता मोहस मापावर साडेपाचच्या आसपास, पाचूची साडेसात ते आठ. घरातल्या धुळीत गारेचे कण असतात आणि त्यांची कठिणता ७. रोज वापरलेल्या अंगठीतली काच या धुळीने घासत जाते आणि कडा गोल होतात. पाचू ठिसूळ असल्याने त्याचे टवके उडतात, पण सगळ्या कडा एकसारख्या गुळगुळीत होत नाहीत. तिसऱ्या फोटोत माथ्याच्या मोठ्या पैलूवर खिडकीचं पांढरं प्रतिबिंब पडलं आहे. कड धारदार असती तर ते तिथे चटकन तुटलं असतं. तुमच्या खड्यात दोन कोपऱ्यांवर ते कडेवरून खाली ओघळलं आहे. फोनने पुसट केल्यानेही असं दिसू शकतं, म्हणून मी शेजारचं सोनं पाहिलं. त्याच उंचीवरची कोंदणाची रवाळ नक्षी दाण्यादाण्याने स्पष्ट आली आहे. म्हणजे फोटो तिथे स्पष्ट आहे आणि कडच झिजलेली आहे.

यावरून खडा पाचूपेक्षा मऊ असावा, काच असण्याची शक्यता जास्त, असं माझं मत आहे. याहून पुढे मी जाणार नाही, कारण झिजणारे हिरवे खडे काचेखेरीजही आहेत आणि दोन कोपरे म्हणजे सगळा खडा नव्हे. उलट बाजूने हा पुरावा चालतच नाही, हेही ध्यानात घ्या. कडा धारदार असत्या तरी मी पाचू म्हटलं नसतं, कारण नव्याने पैलू पाडलेली काचही तितकीच धारदार असते.

तुमची एक ओळ मला काळजीत टाकून गेली, ‘हॉलमार्क आहे, मग खडा खोटा कसा असेल?’ ही ओळ तुम्ही फोटोंबरोबर लिहिली होती. हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, खड्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. कोंदण मागून बंद आहे, त्यावरूनही काही ठरत नाही. खड्याखाली वर्ख घालून मागून बंद करणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, अस्सल खड्यांनाही तसंच बसवत. फक्त ही अंगठी पाण्यात बुडवू नका. खडा पाण्यात धरून आतलं पाहण्याची युक्ती चांगली आहे, पण ती उघड्या कोंदणासाठी. इथे वर्खापर्यंत पाणी गेलं तर खडा काळवंडेल.

बंद कोंदणामुळे तपासणी अडत नाही. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या यंत्रावर माथ्याचा सपाट पैलू टेकवायचा असतो, खडा काढावा लागत नाही. सोनं खड्यापेक्षा उंच नसलं की झालं, आणि तुमच्या अंगठीत ते नाही. पाचू असेल तर १.५७-१.५८ च्या आसपास दोन छाया दिसतील आणि अंगठी फिरवली की त्यांतलं अंतर बदलेल. काच असेल तर छाया एकच, कितीही फिरवली तरी जागची न हलणारी. अंक पाचूशी जुळणारा आला तरी या एकाच छायेवरून काच पकडली जाते. त्याच अंकांवर दोन छाया आल्या तर पुढचा प्रश्न खाणीतला पाचू की प्रयोगशाळेत वाढवलेला, त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो.

मुंबईत किंवा जयपूरला रत्नपरीक्षणाच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत, तिथे अंगठी जशी आहे तशी द्या. देताना तीन गोष्टी सांगा. खडा काढायचा नाही, अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायचा नाही आणि भेगांत तेल किंवा राळ आहे का तेही अहवालात लिहून हवं. तो अहवाल आला की त्याचा फोटो इथे टाका. अहवालाचा फोटो मी नक्की वाचू शकेन.