अर्धी रजा मिळाल्यावर आभार कसे मानावेत

चवथीसाठी रजा मागितली आणि पोर्टलवर ‘पार्शली अप्रूव्हड’ आलं, तर आधी घरात पेढे वाटा. पूर्ण नकार आला असता तर काय केलं असतं? साहेबांनी तुमचा अर्ज उघडून पाहिला, हेच भाग्य समजा. काही जणांचे अर्ज गणपतीवर बांधलेली माटोळी सुकेपर्यंत ‘पेंडिंग’च असतात.

2025 साली चवथ बुधवारी आली, 27 ऑगस्टला. बुधवार-गुरुवार सुट्टी होतीच. आमच्या घरचा गणपती पाच दिवसांचा, रविवारी पोचवायचा. म्हणून मी मंगळवार, शुक्रवार, शनिवार आणि पुढचा सोमवार मागितला. मंजूर काय झालं? मंगळवार आणि सोमवार. गणपती यायच्या आदला दिवस आणि गेल्यानंतरचा दिवस. तो घरात असताना मी वेर्ण्याला ऑफिसात टेबलावर. शेरा होता, ‘सॅलरी वीक. प्लीज ॲडजस्ट.’ एवढं नेमकं वाटप करायला डोकं लागतं, हे मान्य करायलाच हवं.

तर अशा वेळी उत्तर कसं द्यायचं?

सगळ्यात उत्तम म्हणजे ‘नोटेड सर’ आणि दोन हात जोडलेलं चित्र. विषय संपला.

ते जमत नसेल तर घरची सगळी कथा लिहा. मोठ्या काकांचे गुडघे, आरतीला घुमट वाजवायला माणूस नाही, पोरं मुंबईहून आली आहेत. पाच परिच्छेद तरी हवेत. साहेबांची अडचण पगाराची असते, तुमचं उत्तर काकांच्या गुडघ्यांचं असतं, त्यामुळे दोघांची गाठ पडायची भीती राहत नाही.

शुक्रवारी सकाळी ताप आल्याचं कळवणं हाही गोव्यात मानाचा मार्ग आहे.

मात्र एक गोष्ट चुकूनही करू नका: साहेबांची अडचण खरी धरून तिच्यावर तोडगा सुचवू नका. मी नेमकं तेच केलं. त्यांनी पगाराचं कारण दिलं, म्हणून मी पगाराचंच बोललो. पत्र तसंच्या तसं देतो, म्हणजे काय लिहू नये ते कळेल.

‘सर, 26 आणि 1 तारीख मंजूर केल्याबद्दल आभार. 29 आणि 30 ला पगाराचं काम आहे, हे लक्षात आलं. त्यावर एक पर्याय सुचवतो. मंजूर झालेले दोन्ही दिवस मी परत देतो आणि कामावर येतो; त्यांच्या जागी 29 आणि 30 मिळावेत. रजेचे दिवस दोनच राहतील. हजेरी 25 ला बंद होते, म्हणून 26 ला मी पगाराची फाईल तयार करून बँकेच्या पोर्टलवर 30 तारीख घालून चढवून ठेवेन. 29 ला आपल्याला फक्त मंजुरी द्यायची राहील. त्यानंतर कुणी नोकरी सोडली तर तेवढीच एक ओळ बदलावी लागेल; ती कशी बदलायची ते शेजारच्या टेबलाला दाखवून ठेवतो, त्यांची तयारी आहे, मी विचारलं आहे. एखाद्या खात्याचे पैसे परत आले तर 30 ला सकाळी 11 ते 12 मी फोनवर असेन. हे जमत नसेल तर निदान 29 मिळावी. तेही शक्य नसेल तर मंजूर तारखांप्रमाणेच वागेन. माटोळीचं सामान आणायचं असल्याने शुक्रवार, 22 पर्यंत कळवावं ही विनंती.’

बघा किती उद्धटपणा! रडगाणं नाही, हक्काची भाषा नाही, एचआरला प्रत नाही. वर माघारीची वाटही ठेवली. सहकाऱ्याचं नाव त्याला न विचारता घुसडायची आपली जुनी पद्धत असते, तीही पाळली नाही. अशा पत्राला ‘नाही’ म्हणायचं तर कारण शोधावं लागतं, आणि साहेबाला कामाला लावणं शिष्टाचारात बसत नाही.

शुक्रवार गेला. उत्तर नाही. सोमवारी केबिनमध्ये गेलो तर सर हसून म्हणाले, ‘अरे, चांगलं लिहिलंस. जुना अर्ज कॅन्सल कर आणि नवीन टाक, मी बघतो.’ हा सल्ला सोन्याचा आहे, लिहून ठेवा. कारण आमच्या पोर्टलवर मंजूर अर्ज रद्द केला की त्यातले मंजूर दिवसही त्याच क्षणी जातात. रजा खात्यावर परत जमा होते आणि तुम्ही पाटी कोरी करून रांगेत पुन्हा शेवटी उभे. नवा अर्ज मंजूर होईपर्यंत तुमच्या हातात ना जुनं ना नवं. केबिनमधल्या ‘मी बघतो’ला पोर्टलवर रकाना नसतो. मी म्हटलं, सर, आधी मेलला ‘ओके’ एवढं एक उत्तर द्या, मग रद्द करतो. तर म्हणाले, ‘विश्वास नाही काय रे माझ्यावर?’ आता काय बोलणार? सगळ्यांसमोर विचारलेल्या या प्रश्नाला आजवर कुठल्या कारकुनाने खरं उत्तर दिलंय? रद्द करायला लावलं. नवा अर्ज टाकला. सर सुट्टीवर गेले. अर्ज ‘पेंडिंग’ राहिला, आणि मी मंगळवारीही कामावर, शुक्रवारीही, शनिवारीही. हातात आलेले दोन दिवसही गेले.

म्हणून तुम्हाला सांगतो, ‘ओके’ लेखी येण्याआधी जुना अर्ज अजिबात रद्द करू नका. हे उपरोधाने नाही. खरंच करू नका. ‘आपल्या तोंडी सूचनेप्रमाणे बदल करतो, कृपया या मेलवरच होकार द्यावा’ असं एक वाक्य पाठवा. विश्वासाचा प्रश्न आला तर म्हणा, सर, पोर्टलला विश्वास कळत नाही.

आणि नकाराचा शेरा जपून ठेवा. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या 79व्या कलमात लिहिलं होतं की कामगाराने नियमाप्रमाणे 15 दिवस आधी लेखी मागितलेली भरपगारी रजा नाकारली, तर ती मर्यादेशिवाय पुढे नेता येते. एरवी मोठ्या माणसाला 30 दिवसांचीच मर्यादा होती. पण हे अर्जात लिहू नका. दुसऱ्या दिवशी तुमचं टेबल जिन्याखाली जाईल.

आता शुक्रवारचं सांगतो. 29 तारीख. ज्या ‘सॅलरी वीक’साठी मला गणपतीपुढून उठवलं, त्या दिवशी मी काय केलं? काही नाही. फाईल मंगळवारीच चढवून झाली होती. साहेबांच्या घरचा गणपती दीड दिवसाचा, तो गुरुवारीच पोचवला होता, तरी साहेब काही आले नाहीत. त्यांनी मंजुरी घरून दिली, मोबाईलवरून. 11 वाजून काही मिनिटांनी मला मेसेज आला: ‘डन.’ म्हणजे माझ्या पत्रातली योजना जशीच्या तशी पार पडली, फक्त मला वगळून.

साहेब, नकार द्यायचा तर द्या. तुमचा अधिकार आहे, महिनाअखेर आम्हालाही कळते. पण माणूस स्वतःचे दोन दिवस परत देतोय, काम आधी करून ठेवतोय, फोनवर बसायला तयार आहे, त्याला हो किंवा नाही एवढं लिहायला किती वेळ लागतो? ‘डन’ लिहायला लागला तेवढाच. वाचलंत, चांगलं आहे म्हणालात, वर माझीच मंजूर रजा माझ्याच हाताने रद्द करायला लावलीत आणि निघून गेलात. याला गडबड म्हणत नाहीत, याला बेपर्वाई म्हणतात. तो अर्ज अजून पोर्टलवर पिवळाच आहे. निदान तो तरी नाकारून टाका, म्हणजे रजा पुढे न्यायला माझ्याकडे कागद होईल.