भावंडांचा दुवा तुटला आहे

लग्नपत्रिकेत अक्षरं लावणं सोपं असतं, माणसं लावणं अवघड. गेली बावीस वर्षं सांगलीत मी हाच धंदा करतो, त्यामुळे हे अनुभवाने सांगतो. एका मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत 'आपले विनीत' या शीर्षकाखाली एकसष्ट नावं होती. मोठ्या आत्याचं नाव धाकट्या काकांच्या खाली गेलं म्हणून एकदा, आणि चुलत मामा 'व्यवस्थापक' की 'कार्यवाहक' यावरून दोनदा, असे तीन आठवडे वाटाघाटी चालल्या होत्या. अखेर मंगळवारी रात्री साडेदहाला मुलीच्या वडिलांनी फोनवर सांगितलं, "आता हाच क्रम. उद्या दहाला छापायला द्या." मी फाइल सेव्ह करायला घेतली आणि लाइट गेली.

माझा मॅक २०१२ सालचा. त्याची बॅटरी फुगली म्हणून दोन वर्षांपूर्वी काढून टाकली, तेव्हापासून तो थेट चार्जरवर चालतो. म्हणजे नाव लॅपटॉप, पण वायरीवाचून चालेना. लाइट गेली की तोही जातो, मध्ये कसलाही निरोप नाही, नमस्कार नाही.

लाइट आली. बटण दाबलं. 'टण्ण' असा ओळखीचा आवाज झाला, करड्या पडद्यावर सफरचंद आलं आणि त्याच्याखाली ते चक्र फिरायला लागलं. २०१४ नंतरच्या सिस्टिममध्ये या चक्राऐवजी सरकणारी पट्टी दिसते, पण माझी सिस्टिम २०१३ ची. चक्राचा तोटा असा की ते काही सांगत नाही. पट्टी अर्ध्यावर अडली तर निदान अर्धं काम झालं असं वाटतं. चक्र मात्र पाच मिनिटांनी जसं फिरतं तसंच पन्नास मिनिटांनी. मी जेवलो, ताट धुतलं, येऊन पाहिलं, ते फिरतच होतं.

मग बटण दाबून धरलं, बंद केला, चालू केला. चक्र. पुन्हा बंद, पुन्हा चालू. हे मी चार वेळा केलं. डिस्कवर काही लिहिणं चालू असताना वीज तोडणं हेच दुखण्याचं मूळ असेल, तर मी त्याच औषधाचे आणखी चार डोस पाजत होतो, हे मला नंतर कळलं.

पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, सेफ मोड. पॉवरचं बटण दाबून धर, पर्याय दिसेपर्यंत सोडू नकोस." मी दाबून धरलं. मॅक बंद झाला. "बंद झाला," मी म्हणालो. "सोडलंस असशील." मी पुन्हा दाबून धरलं. चालू झाला आणि लगेच बंद झाला. असा दहा मिनिटं आमचा संवाद चालला. मग त्याने विचारलं, "मामा, तुझा कुठला मॅक?" साल सांगितल्यावर पलीकडे जरा वेळ शांतता पसरली. एखाद्याने आजोबांचं वय विचारावं आणि मग आवाज खाली आणावा तशी.

त्याची कृती खरी होती, पण त्याच्या मॅकसाठी. एम-वन आणि त्यानंतरच्या चिपच्या मॅकवर बटण दाबून धरलं की पर्याय येतात, तिथे डिस्क निवडायची आणि शिफ्ट दाबून `Continue in Safe Mode` वर क्लिक करायचं. इंटेलच्या जुन्या मॅकवर बटण दाबून धरणं म्हणजे सरळ गळा दाबणं. तिथे बटण नुसतं टिचकीसारखं दाबायचं, 'टण्ण' ऐकू आलं की लगेच शिफ्ट धरायची आणि सफरचंदाखाली काही हललेलं दिसलं की सोडायची.

सेफ मोडमध्ये मॅक बाहेरून आणून बसवलेले ड्रायव्हर आणि सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्रॅम बाजूला ठेवतो, आणि त्याआधी डिस्क तपासून घेतो. म्हणून वेळ लागतो. शिफ्ट धरून मॅक नीट उघडला आणि एरवी उघडत नसेल, तर संशय पाहुण्यांवर घ्यायचा, म्हणजे कुठल्यातरी जुन्या ड्रायव्हरवर. सेफ मोडमध्येही उघडला नाही तर घरातच काहीतरी बिघडलंय.

माझं घरातच होतं. शिफ्ट धरली तेव्हा चक्राखाली एक बारीक पट्टी आली, गोगलगाईच्या गतीने पाव भाग सरकली आणि मॅक आपोआप बंद झाला. मला वाटलं पुन्हा लाइट गेली. पंखा चालू होता. भाचा म्हणाला, "मामा, हा निरोप आहे. तपासणीत डिस्कची चूक सापडली, ती दुरुस्त करता आली नाही, म्हणून त्याने दुकान बंद केलं."

एवढ्या रात्री आमच्याकडे दिवा दिसला म्हणून शेजारचे काका आले. त्यांच्या मुलाकडे पूर्वी मॅक होता, त्या अधिकाराने ते म्हणाले, "रिपेअर परमिशन करा." त्या काळी कुठल्याही मॅकच्या दुखण्यावर हाच अंगारा लावत. परमिशन दुरुस्त करणं म्हणजे कुठली फाइल कुणी उघडायची याची नोंद नीट करणं. डिस्कची वहीच फाटली असेल तर तिच्यावरच्या सह्या तपासून काय होणार? पण काकांना चहा दिला.

मग कमांड आणि आर धरून चालू केला. यामुळे डिस्कच्या एका कोपऱ्यात वेगळी ठेवलेली छोटी सिस्टिम उघडते, म्हणजे मुख्य भाग न वापरता त्याची दुरुस्ती करता येते. तिथे डिस्क युटिलिटी उघडली, डावीकडे `Macintosh HD` निवडलं, `Verify Disk` दाबलं. काळ्या अक्षरांत ओळी येत गेल्या, आणि मग दोन लाल ओळी आल्या:

```
Keys out of order
Invalid sibling link
```

मी त्या दोनदा वाचल्या. पहिली सांगत होती की क्रम चुकला आहे. दुसरी सांगत होती की भावंडांचा दुवा तुटला आहे. तीन आठवडे मी फोनवर जे ऐकत होतो, तेच आता मॅक इंग्रजीत सांगत होता. मोठ्या आत्याने माझ्या डिस्कपर्यंत पोहोचायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

अर्थ मात्र खरंच तोच होता. या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद एका सूचीत असते. सूचीची पानं क्रमाने लावलेली असतात आणि प्रत्येक पानावर लिहिलेलं असतं, माझ्यामागे कोण, माझ्यापुढे कोण. शेजारशेजारची पानं म्हणजे भावंडं. नवीन नोंद घालताना एखादं पान दुभंगावं लागतं, आणि नेमकी त्या क्षणी वीज गेली तर एक पान दुसऱ्याला ओळखत नाही. असं होऊ नये म्हणून डिस्क आधी रोजनिशीत लिहून ठेवते आणि बहुतेक वेळा निभावूनही जातं. माझ्या चार डोसांपुढे रोजनिशीने हात टेकले असावेत. फाइली जागेवरच होत्या, त्यांच्यापर्यंत जायचा पत्ता तेवढा चुकला होता.

`Repair Disk` दाबलं. ते बराच वेळ खटपट करत राहिलं आणि शेवटी म्हणालं, ही डिस्क दुरुस्त होत नाही, जमेल तेवढ्या फाइली कॉपी करून घ्या आणि डिस्क पुसून नव्याने तयार करा. हा सल्ला ज्याच्याकडे दुसरा मॅक आणि जोडायची केबल आहे त्याच्यासाठी उत्तम. तो माणूस टी धरून आपला मॅक चालू करतो, तो नुसती बाहेरची डिस्क होऊन बसतो, आणि त्यातून सामान काढून घेता येतं. दुरुस्तीच्या आधी हेच करायला हवं. माझ्याकडे मात्र गणपतीच्या आधी घेतलेला बॅकअप होता, आणि या मुलीचं लग्न ठरलं होतं गणपतीनंतर.

एकच गोष्ट धीराची होती. डिस्क युटिलिटीत डिस्कच्या नावावर क्लिक केलं की खाली तिच्या प्रकृतीची ओळ दिसते, तिथे `S.M.A.R.T. Status: Verified` होतं. तिथे `Failing` असतं तर पुढचं काही करू नये, कारण मरणाऱ्या डिस्कला दुरुस्तीसाठी फिरवणं म्हणजे तापाच्या माणसाला पळायला लावणं. `Verified` असलं म्हणूनही छातीठोक खात्री नसते. पण रात्रीचा एक वाजला होता, आणि एवढ्या वेळेला माणूस मिळेल त्या प्रमाणपत्रावर समाधान मानतो.

भाचा म्हणाला, "आता कमांड आणि एस." या कळांनी मॅक आपला सगळा साजशृंगार उतरवून काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उभा राहतो. ओळी धो धो वाहत गेल्या. मी त्यात `I/O error` शोधत होतो, कारण ते दिसलं की डिस्कचा पत्राच खराब, कागदपत्रांचा प्रश्न नाही. दिसलं नाही. शेवटी कर्सर थांबला आणि मी लिहिलं:

```
/sbin/fsck -fy
```

यातला एफ म्हणजे रोजनिशी सगळं ठीक आहे म्हणत असली तरी तपास. वाय म्हणजे मध्ये जे काही विचारशील त्याला माझा आधीच होकार. मुलीच्या वडिलांची तीन आठवडे हीच भूमिका होती.

बावीस मिनिटं गेली. मध्ये ते `Rebuilding catalog B-tree` म्हणालं, म्हणजे जुनी सूची सोडून नवी लिहायला घेतली. अखेर ओळ आली:

```
***** FILE SYSTEM WAS MODIFIED *****
```

मी टाळी वाजवली. भाचा म्हणाला, "थांब, मामा. याचा अर्थ काहीतरी बदललं, सगळं बरं झालं असा नाही. पुन्हा चालव." पुन्हा चालवलं. पुन्हा तीच ओळ. एका नावाची जागा बदलली की दुसऱ्याचा मान जातो, आणि तो सावरायला पुन्हा वरून वाचावं लागतं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या फेरीला, दोन वाजून दहा मिनिटांनी, ती ओळ आली नाही. आलं हे:

```
** The volume Macintosh HD appears to be OK.
```

'Is OK' नव्हे, 'appears to be'. दिसतंय तरी बरं. हा सावधपणा मला आवडला. मी `reboot` लिहिलं आणि शिफ्ट धरली. पट्टी आली, सरकली, पूर्ण झाली. लॉगिनच्या पडद्यावर वर उजवीकडे लाल अक्षरांत `Safe Boot` असं लिहिलेलं होतं. सेफ मोडमध्ये चित्रं जरा रखडत उमटतात, त्यामुळे पत्रिकेतला गणपती तुकड्यातुकड्याने प्रकटला, पण पूर्ण प्रकटला. मी आधी सगळं काम बाहेरच्या डिस्कवर घेतलं, मग नेहमीसारखा चालू करून पाहिला. चक्र दीड मिनिट फिरलं आणि थांबलं.

पण लाइट गेली तेव्हा सेव्ह अर्धवट राहिलं होतं. फाइल उघडली ती त्याच्या आधीची, म्हणजे ज्यात आत्या काकांच्या खाली होत्या ती. रात्री तीनला मी एकेक नाव पुन्हा वर-खाली केलं, स्मरणाने. सकाळी साडेनऊला मुलीच्या वडिलांना फोटो पाठवला. त्यांनी बराच वेळ पाहिला असावा. मग फोन आला.

"सगळं ठीक दिसतंय," ते म्हणाले. "फक्त आत्यांनी रात्री फोन केला होता. त्या म्हणतात, धाकट्या काकांचं नाव खाली गेलं तर बरं दिसत नाही, मी खाली येते."