पिशवीतलं ‘संपूर्ण जलचक्र’: चार दुरुस्त्या

फिरणारा दावा असा: “झिपच्या पिशवीत थोडं निळं पाणी घ्या, पिशवी बंद करून उन्हाच्या खिडकीला चिकटवा. उन्हाने पाणी उकळून वाफ होते, वाफ हलकी म्हणून वर जाते, पिशवीच्या वरच्या भागात ढग तयार होतात आणि निळा पाऊस पडतो. मुलांना संपूर्ण जलचक्र डोळ्यांनी दिसतं.”

प्रयोग चांगला आहे. गडबड आहे ती त्याच्यासोबत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत, आणि मुलांच्या वहीत शेवटी तीच उतरते.

उकळण्यापासून सुरू करू. खिडकीतल्या पिशवीत पाणी कोमट होतं, फार तर गरम. उकळीच्या जवळपासही जात नाही. बाष्पीभवन पृष्ठभागावरून कुठल्याही तापमानाला चालू असतं, ऊन फक्त त्याचा वेग वाढवतं. पडताळायला दुसरी तशीच पिशवी वर्गातल्या सावलीच्या भिंतीवर लावा. तिच्यातही थेंब येतात, फक्त उशिरा आणि बारीक. ही दुसरी पिशवी नसेल तर ‘उन्हामुळेच झालं’ म्हणायला काही आधारच उरत नाही.

दुसरा मुद्दा ढगांचा, आणि इथे जरा थांबायला हवं. पाण्याची वाफ दिसत नाही. प्लास्टिकवर जे धुकट दिसतं ते पुन्हा द्रव झालेलं पाणी असतं. ढगातले थेंब हवेत तरंगतात, धुळीच्या किंवा मिठाच्या सूक्ष्म कणांभोवती जमतात आणि इतके बारीक असतात की सुटा थेंब डोळ्याला दिसत नाही. पिशवीतले थेंब मात्र थंड पृष्ठभागाला चिकटलेले आहेत. जवळचं नातं सांगायचं तर ते दवाचं आहे. ते वरच जमतात हेही खरं नाही. जिथलं प्लास्टिक जास्त थंड, तिथे ते जास्त जमतात. रात्री काच गार पडली की काचेकडच्या बाजूला, दिवसा काच तापली की बहुधा खोलीकडच्या बाजूला. बर्फाचा खडा छोट्या पिशवीत घालून मोठ्या पिशवीला बाहेरून, पाण्याच्या पातळीच्या जेमतेम वर, दहा मिनिटं टेकवून धरा. तिथे, म्हणजे अगदी खाली, थेंबांचा दाट ठिपका उमटतो. पिशवीवर आधीच मार्करने वर ढग काढून ठेवले की मुलं खालचा हा ठिपका बघतच नाहीत. म्हणून चित्र काढायचंच तर प्रयोग संपल्यावर काढावं. आकाशात ढग उंचावर होतात त्याचं कारण वेगळं आहे: वर जाणारी हवा पसरते आणि थंड होते, ढग होण्याआधी साधारण दर 100 मीटरला 1 अंश सेल्सिअस. वीतभर उंचीच्या पिशवीत हे घडायला जागाच नाही.

निळा पाऊस तर पडतच नाही. भिंतीवरचे थेंब रंगहीन असतात, रंग खालीच राहतो. वर निळे थेंब दिसलेच तर ते बहुतेक वेळा पिशवी लावताना उडालेले शिंतोडे असतात. म्हणून पाणी ड्रॉपरने किंवा नरसाळ्याने तळाशी सोडावं, आतली वरची बाजू कापसाने पुसून मगच झिप लावावी आणि पिशवी उभीच ठेवून चिकटवावी. माझ्या मते या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि दावा नेमका तोच उलटा सांगतो. रंगासोबत चमचाभर मीठही विरघळवा. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडून वरच्या भिंतीवरचा एक थेंब आणि तळातला एक थेंब काळ्या कागदावर शेजारी शेजारी वाळू द्या. तळातल्या थेंबाच्या जागी पांढरा डाग राहतो, वरच्याच्या जागी नाही. खाऱ्या समुद्रावरून गोडं पाणी येतं ते असं.

राहिलं ‘संपूर्ण’. पिशवीत जमिनीत मुरणं नाही, झाडांचं बाष्पोत्सर्जन नाही, नदी नाही, वाऱ्याने वाफ दूर नेणं नाही. ते फळ्यावरच शिकवावं लागेल. मात्र एक गोष्ट पिशवी फळ्यापेक्षा छान दाखवते. समजा पिशवीत पाण्यावर एक लिटर हवा आहे. 30 अंशांना एवढ्या हवेत जास्तीत जास्त सुमारे 0.03 ग्रॅम वाफ मावते, आणि ड्रॉपरचा एक थेंब साधारण 0.05 ग्रॅमचा असतो. म्हणजे कुठल्याही क्षणी हवेतली सगळी वाफ मिळून एक थेंबही भरत नाही, तरी भिंतीवर डझनावारी थेंब लोंबत असतात. पाणी वाफ होऊन साठून राहत नाही, सतत येजा करत असतं. ‘एवढी वाफ झाली तर पाणी कमी का नाही झालं?’ हा मुलांचा प्रश्न इथे सुटतो. पिशवी चिकटवण्यापूर्वी आणि काढल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. झिप नीट बसली असेल तर वजन तेच भरेल. कमी भरलं तर आधी झिपचा कोपरा तपासा, गळती बहुधा तिथेच सापडते.