गज्याचे स्नान

आमच्या घरात गज्या नावाचा एक कापडी हत्ती राहतो. तो मूळचा करड्या रंगाचा होता, हे केवळ बारशाच्या फोटोंवरून सिद्ध करता येते; आज त्याचा रंग गुऱ्हाळात रस उकळताना वर येणाऱ्या मळीशी अधिक जवळचे नाते सांगतो. त्याच्या सोंडेचे टोक अडीच वर्षांच्या आमच्या कन्येच्या तोंडात असते आणि ती झोपली, की वाळून चिंचेच्या आकड्यासारखे कडक होते. मागच्या डाव्या पायाला एक गुळगुळीत कापडी लेबल आहे, जे अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घासल्याखेरीज तिला झोप लागत नाही. हत्ती कसा धुवावा याच्या सूचना त्याच लेबलावर छापलेल्या होत्या, हे आम्हांला त्या पुसून गेल्यानंतर कळले.

मागील वर्षी मी एक बेत केला होता. महाद्वार रोडवरील दुकानात अगदी तसाच हत्ती साडेतीनशे रुपयांना मिळाला, तो मी मध्यरात्री तिच्या कुशीत सरकवला आणि गज्याला माळ्यावर पाठवले. सकाळी तिने डोळे न उघडताच नव्या हत्तीच्या मानेत नाक खुपसले, मग लेबल चाचपले. त्याची कड करकरीत होती. तिने हत्तीला दोन्ही हातांनी दूर धरले, नीट न्याहाळले आणि आजीकडून शिकलेल्या शब्दांत निकाल दिला, ‘‘ह्यो पावना हाय.’’ आईने लगेच स्वयंपाकघरातून विचारले, ‘‘मग पावण्याला च्या दिलास का न्हाई?’’ पाहुण्याला खेळण्यातला चहा मिळाला, मला मात्र गज्या माळ्यावरून उतरवेपर्यंत अर्धा तास रडणे ऐकावे लागले.

ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला पुढे वाचायला मिळाला. हुबेहूब प्रत काढणारे यंत्र म्हणून त्यांनी मुलांना एक पेटी दाखवली, तेव्हा काही मुलांनी आपले लाडके खेळणे त्या पेटीत ठेवायलाच नकार दिला, आणि ज्यांनी ठेवले त्यांतील बहुतेकांना मूळचेच परत हवे होते. हे आधी वाचले असते, तर माझे साडेतीनशे रुपये वाचले असते. जुळा हत्ती आणायचाच असेल, तर तो पहिल्या काही महिन्यांतच, चोरून नव्हे तर समोरासमोर आणावा, दोघांना आलटून पालटून मुलाच्या अंथरुणात ठेवावे आणि सारख्याच वेळा धुवावे, म्हणजे दोघेही सारखेच झिजतात व सारखाच वास धरतात. झिजलेल्याच्या जागी करकरीत प्रत ठेवणे म्हणजे मुलाच्या नाकाला आव्हान देणे होय.

खरा प्रसंग यंदाच्या जुलैमधील एका रविवारी ओढवला. पंचगंगेचे पाणी वाढत होते, चार दिवस ऊन दिसले नव्हते, आणि दुपारी जेवताना गज्या तोंडावर तांबड्या रश्श्यात पडला. एरवी मी दुर्लक्ष केले असते. परंतु ज्या सोंडेचा तर्रीत अभिषेक झाला, तीच रात्री तोंडात जाणार होती. आईचा सल्ला तयारच होता, ‘‘उकळत्या पाण्यात सोडा टाक आन् बुडव त्येला.’’ उकळत्या पाण्याने कृत्रिम धाग्यांची मऊ लव आवळून चरचरीत होते, हे कन्येच्या एका टोपीच्या बलिदानातून आम्ही शिकलो होतो, म्हणून मी सविनय नकार दिला.

मिरचीचा रंग तेलात विरघळतो, नुसत्या पाण्यात नाही. म्हणून आधी डागावर कोरडे बेसन दाबून वीस मिनिटे ठेवले. ते तेल पिऊन केशरी झाल्यावर झटकले, आणि उरलेल्या डागावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब बोटाने चोळले. दरम्यान बायकोने सोंडेखालची उसवलेली शिवण घातली, कारण भोक तसेच ठेवून धुतले, तर आतला भराव बाहेर येतो किंवा त्याच्या गाठी होतात. प्लॅस्टिकचे डोळे तिने पूर्वीच काढून काळ्या दोऱ्याने भरले होते, कारण त्यांतील एक सैल झाला होता, आणि या वयात सैल डोळा घशात जायला वेळ लागत नाही.

उरलेल्या अंगासाठी रिठ्याचे पाणी घेतले, बाळाला घालतो तितके कोमट. सुगंधी पावडर आणि कंडिशनर यांना मी हात लावला नाही. डॉनल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषकाने १९५१ सालच्या निबंधात नोंदवले आहे, की अशी वस्तू आई मळू देते, तिला वासही येऊ देते, कारण ती धुतली तर बाळाच्या अनुभवातील सलगपणा तुटेल हे तिला ठाऊक असते. आमच्याकडे तो तुटणारच होता. पण त्या जागी गुलाबाचा वास नको होता. आणखी एक दक्षता म्हणजे गज्याला पळवून धुतले नाही. कन्येला पाटावर बसवले, तिने स्वतः त्याच्या पाठीवर तांब्याने पाणी घातले, आणि प्रत्येक तांब्यानंतर त्याला रडू नकोस असे बजावले. पाणी तीनदा बदलल्यावर फेस थांबला.

अशा खेळण्याला पिळू नये, कारण भराव एका पायात जमा होतो. आम्ही त्याला पंच्यात गुंडाळून दाबले, मग उशीच्या अभ्र्यात घालून, वर गाठ मारून, यंत्रात केवळ दोन मिनिटे फिरवले. कानाला चिमटा लावून दोरीवर टांगायचा मोह मी आवरला, कारण पाण्याच्या वजनाने कान लांबतो आणि हत्तीचा ससा होतो. दोन वाट्यांवर पिठाची चाळण ठेवून, तिच्यावर त्याला पंख्याखाली निजवले.

आता अडचण अशी होती, की वरची लव चार तासांत कोरडी होते आणि पोट आतून ओलेच राहते. मग दोन दिवसांनी बुरशीचा आंबूस वास येतो. हाताला हे कळत नाही. येथे पाहुणा प्रथमच उपयोगी पडला. स्वयंपाकघरातील काट्यावर कोरडा पाहुणा १५० ग्रॅम भरला. गज्या यंत्रातून निघाला तेव्हा २२५ होता आणि रात्री नऊ वाजता १९०. म्हणजे हाताला कोरडा खडखडीत वाटणारा हा हत्ती पोटात ४० ग्रॅम पाणी बाळगून होता.

कन्येला ग्रॅम समजत नाहीत. तिने चाळणीकडे बोट दाखवून नवाला भोंगा सुरू केला. तेव्हा बायकोच्या लक्षात आले, की पायाचे लेबल केव्हाच वाळले आहे. आम्ही चाळण जमिनीवर घेतली, शेजारी वाकळ अंथरली, पंखा तसाच ठेवला. कन्या वाकळीवर आडवी झाली, हात चाळणीपर्यंत लांबवून तिने लेबल चिमटीत धरले आणि डोक्याखाली पाहुण्याची उशी घेतली. दहा मिनिटांत ती झोपली. त्या रात्री घरातील कोणालाही पाय पसरता आले नाहीत.

सकाळी सहा वाजता गज्या १४९ ग्रॅम भरला. पोटावर फिकट केशरी ठिपका राहिला होता, तो ऊन पडल्यावर जाईल अशी आशा आहे. कन्येने त्याला हुंगले, कपाळाला आठ्या घातल्या आणि तक्रार केली, ‘‘गज्याला वास न्हाई.’’ नंतर तिने त्याला वाकळीत गुंडाळले, आजीच्या पदराखाली कोंबले, थोडा वेळ दूधभातावर धरले आणि शेवटी सोंड तोंडात घातली.

बुधवारी बेसन मोजायला काटा काढला होता, म्हणून मी सहज गज्यालाही वर ठेवले. तो १५२ ग्रॅम झाला होता.