३०-३० पोरांवर "फरक नाही" सिद्ध होतो म्हणे

सध्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरून राहिलेली पोस्ट अशी: "नवीन पद्धत-बिद्धत सगळं थोतांड आहे. आम्ही नववीच्या दोन तुकड्या घेतल्या, ३०-३० पोरं, एकीला खडू-फळा, दुसरीला कृतीतून विज्ञान. ५० मार्कांच्या पेपरात सरासरीत फक्त ३ मार्कांचा फरक, टी-टेस्ट नॉन-सिग्निफिकंट. म्हणजे फरक नाही हे सिद्ध झालं. सॅम्पल ३० झालं की पुरतं, हे कोणत्याही पुस्तकात आहे. आणि नागपुरातल्या अजून दोन शाळांत हेच निघालं."

आता एकेक घेऊ. पोस्टसोबत टेबलचा फोटो आहे, त्यात दोन्ही तुकड्यांचं एसडी, म्हणजे मार्क सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, १० च्या आसपास दिलंय, तेच धरून चालतो.

आधी "सिद्ध झालं" बघू. तीस-तीस पोरं आणि एसडी १० असेल तर दोन सरासऱ्यांच्या फरकाची स्टँडर्ड एरर, म्हणजे तो फरक निव्वळ योगायोगाने साधारण किती हलू शकतो ते, येते साधारण २.६ मार्क. म्हणजे फरक त्याच्या दुप्पट, ५.२ च्या वर गेल्याशिवाय टी-टेस्ट सिग्निफिकंट म्हणणारच नाही, पद्धत कितीही चांगली असो. ३ मार्कांवर नॉन-सिग्निफिकंट येणार हे पेपर तपासायच्या आधीच ठरलेलं होतं भाऊ! आणि याच आकड्यांचा ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर तो उणे २.२ पासून अधिक ८.२ पर्यंत जातो. म्हणजे या डेटाशी "नवीन पद्धतीने २ मार्कांचं नुकसान" पण जुळतं आणि "८ मार्कांचा फायदा" पण जुळतो. ५० पैकी ८ मार्क म्हणजे कितीतरी पोरांचा क्लास बदलून जाईल, आणि आपण म्हणून राहिलो की फरक नाही. इंटरव्हल जर उणे १ ते अधिक १ एवढाच आला असता तर मी पण मान्य केलं असतं की बाप्पा, काही खास नाही यात.

मग ३० चा आकडा आला कुठून? पुस्तकात आहे, खरंय, पण तिथे तो वेगळ्या कामाचा आहे. साधारण ३० च्या पुढे सॅम्पल गेलं की सरासरीचं वितरण बऱ्यापैकी नॉर्मल धरता येतं, एवढाच तो ढोबळ नियम (मार्क फार एका बाजूला झुकलेले असतील तर तेवढंही नाही). खरा फरक असला तर तो आपल्या हाती लागेल का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. त्यासाठी पॉवर काढावी लागते, म्हणजे फरक खरोखर अमुक एवढा असेल तर आपली टेस्ट तो किती वेळा पकडेल. ८० टक्के पॉवर हवी, म्हणजे पाचातून चारदा तरी पकडायला पाहिजे, असा रिवाज आहे, तो मुख्यतः अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांच्यामुळे पडला. त्यांनी १९६२ साली मानसशास्त्राच्या एका जर्नलमधले एका वर्षाचे पेपर तपासले तर मध्यम आकाराच्या फरकासाठी सरासरी पॉवर निघाली ४८ टक्के, म्हणजे छापा-काटाच.

आपल्या केसमध्ये खरा फरक ३ मार्क म्हणजे ०.३ एसडी धरला, तर ३०-३० पोरांवर पॉवर निघते फक्त २१ टक्के. पाचातून चारदा फरक हातातून निसटणार. आणि ०.३ एसडी म्हणजे किरकोळ असं समजू नका. मुंबई आणि वडोदऱ्यात प्रथम संस्थेचा बालसखी कार्यक्रम झाला, मागे पडलेल्या पोरांना वेगळं बसवून शिकवायचा, त्याचा मोठा अभ्यास झाला होता, शाळा रँडम पद्धतीने निवडून. त्यात सरासरी फायदा पहिल्या वर्षी ०.१४ एसडी आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ एसडी निघाला, आणि शिक्षण क्षेत्रात तो चांगला रिझल्ट मानतात. तोच कार्यक्रम पोस्टवाल्यांच्या दोन तुकड्यांवर तपासला असता तर बहुतेक तोही थोतांडच ठरला असता.

किती पोरं लागतील हे आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत निघतं:

```r
power.t.test(delta = 3, sd = 10, power = 0.8)
```

उत्तर येतं एका बाजूला १७६. हातानेच करायचं तर १६ ला फरकाच्या (एसडीमध्ये मोजलेल्या) वर्गाने भागा, ०.३ चा वर्ग ०.०९, १६ भागिले ०.०९ म्हणजे १७८, जवळपास तेच. भागताना फरकाचा वर्ग येतो म्हणून फरक अर्धा झाला की पोरं चौपट लागतात, लोकांचा अंदाज चुकतो तो इथेच. delta मध्ये काय टाकायचं हे मात्र आधीच ठरवायचं असतं, किमान किती मार्कांचा फायदा असला तर ही पद्धत राबवणं परवडेल ते. मी वर ३ धरले ते फक्त उदाहरण म्हणून; रिझल्ट लागल्यावर आपल्याच ३ मार्कांतून पॉवर काढण्यात अर्थ नाही, त्यातून पी-व्हॅल्यूच्या पलीकडे नवीन काही कळत नाही.

आता तीन शाळांचा मुद्दा, वरवर हाच सगळ्यात दमदार वाटतो. पण प्रत्येक शाळेत फरक निसटायची शक्यता ७९ टक्के असेल तर तिन्हीकडे निसटायची शक्यता ०.७९ × ०.७९ × ०.७९, जवळपास ४९ टक्के. पद्धत खरंच काम करत असतानासुद्धा निम्म्या वेळा हेच चित्र दिसलं असतं! तीन शाळांचे निकाल "लागला, नाही लागला" असे मोजायचे नसतात, तिन्हींचे फरक आणि त्यांच्या स्टँडर्ड एरर घेऊन एकत्र काढायचे असतात. तिन्हीकडे फरक नवीन पद्धतीच्याच बाजूने होता का, हे पोस्टमध्ये कुठेच नाही, आणि मला तर तेच आधी बघायचं होतं.

एक गोष्ट पोस्टमध्ये नाहीच, पण १७६ चा आकडा वाचून कोणी धावत सुटू नये म्हणून सांगतो. तो आकडा प्रत्येक पोराला चिठ्ठी टाकून पद्धत दिली असेल तरच चालतो. अख्खी तुकडी एका पद्धतीला दिली की एकाच वर्गातली पोरं एकमेकांसारखी असतात, तोच शिक्षक, तीच वेळ, बऱ्याच शाळांत तर अ तुकडीत आधीच हुशार पोरं टाकलेली. मार्कांतल्या एकूण फरकापैकी १० टक्के जरी वर्गावर्गातला असला तरी ३० च्या वर्गासाठी आकडा १ + २९ × ०.१ म्हणजे ३.९ पटीने वाढतो, १७६ चे होतात जवळपास ६९०, एका बाजूला २३ तुकड्या. आणि एका बाजूला एकच तुकडी असेल तर त्यात ३० पोरं भरा की ३००, पद्धतीचा फरक आणि शिक्षकाचा फरक वेगळा निघणारच नाही.

एवढ्या तुकड्या एम.एड.च्या पोराने कुठून आणायच्या, हा प्रश्न रास्त आहे. दोन उपाय जमण्यासारखे आहेत. एक म्हणजे आधी पूर्वचाचणी घ्या आणि विश्लेषणात तिचे मार्क धरा, दोन्ही पेपरांतला सहसंबंध ०.७ असेल तर लागणारी पोरं जवळपास निम्म्यावर येतात, कारण उरलेला विखुरलेपणा १ वजा ०.४९ एवढाच राहतो. दुसरं, शाळेत प्रॅक्टिकलच्या बॅचेस असतातच, तर एकाच तुकडीतली अर्धी पोरं चिठ्ठ्या टाकून या बॅचला, अर्धी त्या बॅचला, आणि शिक्षक दोन्हीकडे तोच. मग तुकडी-तुकडीतला फरक हिशोबातून जातो आणि सहा तुकड्यांत एका बाजूला ९० पोरं होतात. पूर्वचाचणी धरून ३ मार्कांसाठी तेवढी साधारण पुरतात, फक्त मधल्या सुट्टीत या बॅचच्या वर्कशीट त्या बॅचकडे जाणार नाहीत एवढं बघावं लागेल.